ऑनलाइन दादागिरी (मुलांमधील)

ऑनलाइन खेळांत आणि गप्पांच्या गटांत एखाद्या मुलाला इतर मुलांनी पुन्हा पुन्हा लक्ष्य करणे. शाळेतल्या दादागिरीचे डॅन ओल्वेयस या मानसशास्त्रज्ञाने सांगितलेले निकष इथेही लावतात : त्रास देण्याचा हेतू, त्याची पुनरावृत्ती आणि दोन बाजूंच्या बळातली तफावत. गटात पुनरावृत्तीचा निकष थोडा सैल धरावा लागतो, कारण एकच फोटो चाळीस फोनांत गेला की तो रोज नव्याने पाहिला जातो.

स्वरूप : त्रास देणारी मुले बहुतेकदा वर्गातली किंवा सोसायटीतलीच असतात. नमुन्यादाखल सातवीतला एक मुलगा घेऊ. चौघांच्या संघात तो ‘नॉक’ होतो. बाकीचे तिघे शेजारी येऊन उभे राहतात, पण त्याला ‘रिव्हाइव्ह’ करत नाहीत, आणि माइकवर ‘नूब’, ‘बॉट’ म्हणून हसतात. रात्री त्या पडद्याचा फोटो वर्गाच्या व्हॉट्सॲप गटात येतो. दोन दिवसांत मुलाच्या चेहऱ्याचे स्टिकर तयार होते आणि प्रत्येक निरोपाला उत्तर म्हणून तेच टाकले जाते. मग त्याला गटातून काढतात, परत घेतात, पुन्हा काढतात. गावात वाळीत टाकण्याचा जो प्रकार होता, तोच हा. फक्त इथे मुलाला आपण कधी वाळीत गेलो हे पडद्यावर वाचायला मिळते. घरी दिसते ते एवढेच, की मुलगा फोन पालथा ठेवतो किंवा जिवाभावाचा खेळ एकाएकी सोडतो.

मुली : आवाजावरून मुलगी ओळखली की शेरेबाजी सुरू होते, म्हणून अनेकजणी माइक बंद ठेवून खेळतात.

नोंद : पालकांच्या हातात असलेली ही सर्वांत उपयोगी गोष्ट, आणि बहुधा तीच उशिरा सुचते. व्हॉट्सॲपवर पाठवलेला निरोप सुमारे अडीच दिवसांपर्यंत सर्वांसाठी पुसता येतो. ‘गायब होणारे निरोप’ चालू असतील तर ते २४ तासांतही जातात. त्यामुळे जाब विचारण्याआधी पडद्याचे फोटो काढावेत. ते कापू नयेत. वरची गटाच्या नावाची पट्टी त्यात यावी. त्याच दिवशी काढलेल्या फोटोत तारखेच्या जागी ‘आज’ एवढेच दिसते, म्हणून तारीख वहीत लिहावी. फोनमध्ये नाव साठवलेले असेल तर गटात नावच दिसते, क्रमांक दिसत नाही. त्या व्यक्तीची माहिती उघडून क्रमांकासह वेगळा फोटो घ्यावा. गटाच्या `Export chat` मधून सगळ्या गप्पांची फाइल मिळते, मात्र काही गटांत ही सोय बंद केलेली असते.

खेळात नावावर विसंबू नये. बीजीएमआयमध्ये रीनेम कार्ड वापरून नाव बदलता येते, पण ओळखक्रमांक तोच राहतो. रोब्लॉक्समध्येही प्रोफाइलच्या पत्त्यातला आकडा बदलत नाही. हा आकडा नसला तर तक्रार भलत्याच मुलावर जाऊ शकते. माइकवरचे बोलणे पडद्याच्या चित्रणात येईलच असे नाही. आधी अर्धा मिनिट चित्रण करून पाहावे. आवाज येत नसेल तर ऐकलेले शब्द जसेच्या तसे, वेळ आणि हजर खेळाडूंसह, वहीत उतरवावेत. ‘खूप वाईट बोलले’ असे लिहिल्याने शाळेला काहीच करता येत नाही.

मुलाचा नग्न किंवा लैंगिक फोटो फिरत असेल तर वरचे काहीही लागू नाही. तो पुरावा म्हणूनही कोणाला, अगदी शिक्षकांनाही, पुढे पाठवू नये. कोणी, कुठे, केव्हा टाकला ते लिहून लगेच तक्रार करावी.

उपाय : व्हॉट्सॲपवर तक्रार करताना ब्लॉक करून गप्पाही पुसण्याचा पर्याय समोर येतो, तो निवडला की नोंदच जाते. वर्गातली मुले असतील तर वर्गशिक्षकांना लेखी अर्ज द्यावा, फोटो तारखेच्या क्रमाने जोडावेत आणि पोच घ्यावी. पालकांच्या गटात वाद काढल्यास तो दुसऱ्या दिवशी मुलावर उलटतो. मुलाचा फोन काढून घेऊ नये : पुढच्या वेळी तो सांगणार नाही, आणि मूळ पुरावाही त्याच फोनमध्ये असतो. तो फोन विकू किंवा रीसेट करू नये. सरकारी तक्रार cybercrime.gov.in वर करता येते. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८.

कायदा : भारतात या प्रकारासाठी स्वतंत्र कायदा नाही. आक्षेपार्ह निरोपांना लागणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केले. धमकी, तोतयेगिरी, अश्लील मजकूर यांना वेगवेगळी कलमे लागतात. त्रास देणाराही अठरा वर्षांखालील असेल तर त्याचे प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते. अशा मुलांना पोलिसांपर्यंत न्यावे का, यावर मतभेद आहेत. गटाच्या ॲडमिनबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले, की सदस्याच्या आक्षेपार्ह निरोपाला तो केवळ ॲडमिन म्हणून जबाबदार ठरत नाही. समान हेतू दिसावा लागतो.