रफार व जोडाक्षरे : परिपत्रकाची स्वाक्षरीपूर्व दुरुस्ती

मराठी शासकीय परिपत्रकाची स्वच्छ प्रत स्वाक्षरीला जाण्यापूर्वी तिच्यातील जोडाक्षरे आणि रफार तपासण्याचे काम. महाराष्ट्रात यासाठी 6 नोव्हेंबर 2009 चा देवनागरी लिपी व वर्णमालेविषयीचा शासन निर्णय आणि 10 नोव्हेंबर 2022 चा सुधारित निर्णय आधाराला आहेत.

खिळ्यांच्या छपाईत रफार डोळ्यांना दिसतो तिथेच बसे. संगणकावरचे जुने फॉन्ट याच रीतीचे, त्यांत अक्षर आधी व रफार नंतर. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम असतो, म्हणून ‘र्’ आधी येतो. जुनी फाइल रूपांतरित करताना हा क्रम बदलला गेला नाही, की रफार एक घर पुढे सरकतो आणि ‘निर्णय’चे ‘निणर्य’, ‘आर्थिक’चे ‘आथिर्क’ होते.

तपासणीला आलेले एक नमुना वाक्य पाहू : ‘सर्व विभागप्रमुखांनी कर्मचार्यांना या निणर्याची माहिती विहित पध्दतीने द्यावी.’ यात तीन चुका आहेत आणि तिन्हींचा उपाय निराळा. ‘पध्दत’ सर्वांत सोपी. मराठी शब्दांत ‘ध्’ला ‘द’ जोडला जात नाही, त्यामुळे मजकुरातला प्रत्येक ‘ध्द’ एकदम बदलून ‘द्ध’ करावा. ‘प्रसिध्द’, ‘शुध्दिपत्रक’ही त्यात सुधारतात. ‘निणर्य’ वाचूनच सापडतो. शब्द अक्षर-अक्षर उच्चारला की जागा चुकलेली कळते.

खरी कसोटी ‘कर्मचार्यांना’ची. मूळ शब्द ‘कर्मचारी’, म्हणून इथे रफार नव्हे, चंद्रकोरीसारखा ‘ऱ्य’ हवा : कर्मचाऱ्यांना. ‘अधिकाऱ्यांनी’, ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ तसेच. ‘कार्यालय’, ‘मर्यादा’, ‘पर्याय’ यांत मात्र रफारच योग्य. म्हणून सरसकट बदल करू नये. ‘र्य’ शोधावा, प्रत्येक ठिकाणी थांबावे आणि शब्दाचे मूळ रूप पाहावे. वसतिगृहाच्या परिपत्रकात ‘आचाऱ्यांचे मानधन’ म्हणजे स्वयंपाक्यांचे, ‘आचार्यांचे मानधन’ म्हणजे गुरुजनांचे. दोन्ही शब्द शुद्ध असल्याने शब्दतपासनीस इथे गप्प राहतो आणि आदेश भलत्याच माणसाला लागू होतो. ही चूक मी सर्वांत गंभीर मानतो.

इनस्क्रिप्ट कळफलकावर `Shift+J` ने ऱ, मग `d` ने हलन्त आणि `/` ने य दाबला की ‘ऱ्य’ उमटतो. काही टंकलेखक ‘र्’नंतर अदृश्य जोडक `U+200D` घालून तेच रूप मिळवतात. दिसायला फरक नसतो, पण साठवलेली वर्णमालिका वेगळी असल्याने शोध घेताना असा शब्द निसटू शकतो. तेव्हा सर्वत्र `U+0931` हाच ‘ऱ’ ठेवावा.

डिजिटल स्वाक्षरीनंतर फाइलमधले एक अक्षर जरी बदलले तरी स्वाक्षरीची पडताळणी जुळत नाही. मग रफारापुरतेही स्वतंत्र शुद्धिपत्रक काढावे लागते.