ऊमरा, उंधा बदला आणि वखारीचे भाडे : वऱ्हाडच्या कापसातून वायदेबाजार समजून घेताना (थ्रेड)

१/ एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि लिव्हरपूलच्या बाजारांत वऱ्हाडी कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. हे उमरावतीचे, म्हणजे अमरावतीचे, व्यापारी रूप. वाशीमच्या पठारावरचा माल घाट उतरून पातूरमार्गे अकोल्याला येई. १८६७ साली लोहमार्ग नागपूरपर्यंत पूर्ण झाला आणि या मालाची मुंबईची वाट सोपी झाली.

२/ या कापसाला एकाच दिवशी दोन भाव असत. माल आज हातात घेण्याचा तो तयार भाव, आणि पुढच्या ठरावीक महिन्यात माल देण्याघेण्याचा आज ठरलेला तो वायद्याचा भाव. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या ‘बॉम्बे कॉटन ट्रेड असोसिएशन’ने या व्यवहारांना संघटित रूप दिले. दोन भावांमधील अंतर कोण ठरवते, हा खरा प्रश्न आहे.

३/ मुंबईची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३९२ पौंडांच्या दोन दाबगाठींची. हिशेबापुरते मानू की डिसेंबरात एका खंडीचा तयार भाव २०० रुपये आहे. माल जूनपर्यंत ठेवायचा तर सहा टक्के दराने सहा महिन्यांचे व्याज ६ रुपये होते. वखारीचे भाडे, आगीचा विमा आणि घट मिळून आणखी ४ रुपये. एकूण १० रुपये.

४/ आता जूनचा वायदा २१८ रुपयांना विकला जात असेल, तर व्यापारी २०० ला तयार माल घेईल, २१८ ला वायदा विकेल आणि माल वखारीत टाकेल. खर्च वजा जाता खंडीमागे ८ रुपये सुटतात. अनेकांनी हेच केले की तयार भाव चढतो, वायदा उतरतो आणि अंतर १० रुपयांच्या आसपास स्थिरावते. वायद्याचा भाव तयार भावापेक्षा चढा असण्याच्या या स्थितीला कॉन्टँगो म्हणतात. म्हणजे चढा वायदा हे तेजीचे भाकीत नसते. पुष्कळदा ते निव्वळ वखारीचे आणि व्याजाचे बिल असते.

५/ याच्या उलट स्थिती म्हणजे बॅकवर्डेशन. मुंबईच्या शेअर बाजारात सौदा पुढे ढकलण्याच्या आकाराला ‘बदला’ म्हणत आणि तो उलटा फिरला की ‘उंधा बदला’. कापसात असे का घडते, हे १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाकडे पाहिल्यास उमगते. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईत भाव कित्येक पटींनी वाढले.

६/ अशा टंचाईत आजची खंडी ४०० ला आणि पुढच्या हंगामाची ३४० ला, असे होऊ शकते. येथे मात्र चौथ्या मुद्द्यातील व्यापारी हतबल असतो. आजचा माल उद्यासाठी ठेवता येतो. उद्याचा माल आज आणता येत नाही. म्हणून चढत्या अंतराला साठवणखर्चाची मर्यादा असते, उलट्या अंतराला तशी मर्यादा नसते. उलटा भाव एकच सांगतो : वखारी रिकाम्या आहेत, असेल तो माल आत्ताच बाहेर काढा.

७/ हा इशारा न मानणाऱ्याचे काय होते, तेही त्याच काळाने दाखवले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. युद्ध संपताच भाव कोसळले. चढ्या भावाने माल भरून ठेवणाऱ्यांजवळ वखारी उरल्या, पण नफा उरला नाही. कापसाच्या पैशावर फुगलेले शेअरचे वायदे १ जुलै १८६५ च्या हिशेबाला फुटले.

८/ आता हाच हिशेब मुंबईऐवजी पातूरच्या एखाद्या शेतकऱ्याच्या बाजूने मांडू. त्याचे सावकारी कर्ज वर्षाला चोवीस टक्क्यांचे असेल, तर २०० रुपयांच्या मालावर सहा महिन्यांचे व्याज २४ रुपये. वखार आणि घट ४ धरली तर खर्च २८. जूनचा भाव २१० म्हणजे माल राखण्यात १८ रुपयांचा तोटा. भाव २२८ च्या पुढे गेला, तरच थांबण्यात अर्थ.

९/ शिवाय कापूस ठेवणे सोपे नसते. दाबगाठ न बांधलेली रुई प्रचंड जागा खाते, एका ठिणगीने पेटते आणि पावसाळी ओलीने तिचा रंग जाऊन प्रत उतरते.

१०/ म्हणून सुगीतच माल विकणारा शेतकरी अडाणी होता, असे म्हणणे चुकीचे ठरते. त्याच्या व्याजदराला त्याचा निर्णय बिनचूक होता. डिसेंबर आणि जूनच्या भावांतील फरक मात्र ज्याच्याकडे कोरडी वखार आणि स्वस्त पैसा होता, त्याच्या पदरात पडला. भाव दोघांनाही एकच दिसत होता. थांबण्याची किंमत प्रत्येकाची वेगळी होती.