मऊ जमिनीवर घर बांधताय? सुटे फुटिंग, पट्टी पाया की राफ्ट : आधी खड्डा खणा, मग ठरवा

शहापूर / मुरबाड : दिवाळी झाली, भात झोडून झाले की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत घरांची कामे निघतात. गावठाणात जागा उरलेली नाही, त्यामुळे अनेक जण आता भातखाचरात किंवा खाचराच्या कडेला घर बांधतात. इथेच पहिला प्रश्न येतो. मिस्त्री म्हणतो, "नऊ खड्डे मारू, फुटिंग टाकू." शेजारी म्हणतो, "जमीन मऊ आहे, राफ्टच टाक." नातेवाईक म्हणतो, "आमचं घर नुसत्या चरावर उभं आहे, काय झालं?" तिघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर असू शकते. कोणता पाया लागेल हे मातीवर आणि घराच्या वजनावर ठरते.

तीन पाये, तीन पद्धती

सुटे फुटिंग म्हणजे प्रत्येक कॉलमखाली काँक्रीटचा वेगळा चौकोनी पाट. पट्टी पाया म्हणजे भिंतीच्या किंवा कॉलमच्या रांगेखाली सलग चर खणून टाकलेली काँक्रीटची पट्टी. राफ्ट म्हणजे संपूर्ण घराखाली एकच जाड स्लॅब, त्यात खाली आणि वर अशी सळईची दुहेरी जाळी.

तिघांचे काम एकच आहे : घराचे वजन जास्त जागेवर पसरवणे. चिखलणीच्या खाचरात पाय टाकला तर गुडघ्यापर्यंत रुततो, पण फळी टाकून तिच्यावर उभे राहिले तर रुतत नाही. वजन तेवढेच असते, टेकायची जागा वाढलेली असते. जमीन जितकी मऊ, तितकी फळी मोठी लागते.

पहिला प्रश्न : मुरूम किती खोल आहे?

या दोन्ही तालुक्यांत खाली काळा कातळ आहे आणि तो झिजून तयार झालेला मुरूम बऱ्याच ठिकाणी फार खोल नसतो. वरची मऊ माती चार-पाच फुटांचीच असेल, तर राफ्टचा विचार करण्याआधी सरळ मुरुमापर्यंत खोदा. मुरुमावर टेकलेले साधे सुटे फुटिंग मऊ मातीवरच्या महागड्या राफ्टपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते आणि भक्कमही असते.

अडचण अशी की खाचर हे उतारावर बांध घालून सपाट केलेले असते. डोंगराच्या बाजूला दोन फुटांवर मुरूम लागतो आणि बांधाच्या बाजूला सात फूट खोदले तरी मऊ मातीच निघते. म्हणून एकच खड्डा मारून भागत नाही. घराच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये एक, असे पाच खड्डे घ्या. ते पायाच्या तळापेक्षाही चार-पाच फूट खाली न्यावेत, कारण वजन तळाखालच्या मातीवरही येते. मऊ मातीत छातीइतक्या खोल खड्ड्याच्या बाजू अचानक ढासळतात. बाजू उतरत्या ठेवा, काढलेली माती काठावर रचू नका आणि माणूस एकटा आत उतरवू नका.

अंगठ्याची परीक्षा

एप्रिल-मे महिन्यात खाचराची माती दगडासारखी कडक होते आणि फसवते. दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या भागात ती चार महिने पाण्यातच असते, तेव्हा परीक्षा ओल्या मातीचीच करायची. पावसाळा संपताच खड्डा मारला तर उत्तम. उन्हाळ्यात मारला तर तळात पाणी भरून रात्रभर ठेवा आणि सकाळी तळाची न विस्कटलेली माती तपासा.

नॅशनल बिल्डिंग कोडमधल्या तक्त्यात अंगठ्याने माती ओळखायची सोपी रीत दिलेली होती. फुटाच्या हिशेबात ती साधारण अशी :

- अंगठा जोर लावल्यावरच उमटतो : एका चौरस फुटावर सुमारे १.४ टन.
- बेताच्या दाबाने उमटतो : सुमारे ०.९ टन.
- अंगठा सहज आत घुसतो : सुमारे ०.४५ टन.

हे आकडे पहिल्या अंदाजापुरते आहेत. उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडणाऱ्या काळ्या मातीला ते लागू होत नाहीत. ती माती ओली झाली की फुगते, सुकली की आकसते, आणि वरचा पाया उचलते व खाली सोडते. तिथे प्रयोगशाळेत माती तपासूनच पुढे जावे.

एक घर, दोन हिशेब

समजा घर २० बाय ३० फुटांचे, म्हणजे ६०० चौरस फूट आहे. नऊ कॉलम, तीन-तीनच्या तीन रांगा, विटांच्या भिंती आणि वर स्लॅब. अशा एकमजली घराचे पायासकट वजन साधारण ११० टन धरता येते. वर आणखी एक मजला चढवायचा असेल तर सुमारे २०० टन.

आता वजनाला मातीच्या ताकदीने भागायचे. एकमजली घर आणि ०.९ टनाची माती असेल तर पायाला सुमारे १२२ चौरस फूट जागा लागते, म्हणजे घराच्या जागेच्या पाचवा हिस्सा. इथे सुटे फुटिंग पुरते.

तेच घर ०.४५ टनाच्या मातीवर असेल तर २४४ चौरस फूट लागतात, म्हणजे सुमारे ४० टक्के. आता सुटी फुटिंग मोठी होत जातात. इथे पट्टी पाया बसतो. नऊ कॉलमच्या उभ्या-आडव्या रांगांखाली दोन फूट रुंद आरसीसी पट्टी घातली, तर छेदणाऱ्या जागा वजा करून सुमारे २६४ चौरस फूट मिळतात. हिशेब जेमतेम बसतो आणि सगळे कॉलम एकमेकांना बांधले जातात. मात्र अशी पट्टी नुसत्या दगडाची किंवा बिनसळईची चालणार नाही. दोन कॉलमच्या मधे ती वाकू पाहते, म्हणून लांबीच्या दिशेने खाली आणि वर दोन्हीकडे सळई हवी.

त्याच मातीवर दोन मजले घेतले तर ४४४ चौरस फूट लागतात, म्हणजे जवळजवळ पाऊण घर. मधल्या कॉलमचे फुटिंग साडेआठ फुटांचे आणि बाजूचे साडेसात फुटांचे होते. कॉलम दहा फुटांवर असतील तर दोन फुटिंगमध्ये दोन फुटांची गल्ली उरते. अशा वेळी वेगळे खड्डे मारण्यात अर्थ नाही. सगळ्या जागेवर राफ्ट टाकला तर स्वतःच्या वजनासह दाब चौरस फुटाला ०.४ टनाच्या आत येतो.

इंजिनिअर लोकांचा जुना ठोकताळा हाच आहे : पायाची एकूण जागा घराच्या निम्म्यापेक्षा जास्त भरू लागली की राफ्टचा विचार करा, त्याआधी नको. एक फूट जाडीच्या राफ्टला या घरासाठी सहा ब्रास काँक्रीट लागते. ०.९ टनाच्या मातीवरच्या एकमजली घराच्या सुट्या फुटिंगला साधारण दीड ब्रास पुरते. गरज नसताना राफ्ट टाकणारा चौपट काँक्रीट जमिनीत पुरतो, शिवाय दोन जाळ्यांची सळई वेगळी. २५ चौरस मीटरच्या घरकुलात हा फरक थेट छपराच्या पैशांतून जातो.

सगळी फुटिंग एकाच मापाची? इथेच घात होतो

वरच्या एकमजली घरात कोपऱ्यातल्या कॉलमवर सुमारे ९ टन, तर मधल्या कॉलमवर १८ टन येतात, कारण मधला कॉलम चारही बाजूंच्या स्लॅबचे वजन घेतो. ०.९ टनाच्या मातीत कोपऱ्याला सव्वातीन फुटांचे फुटिंग पुरते, मधल्याला साडेचार फुटांचे लागते. पण सोय म्हणून नऊही फुटिंग साडेतीन फुटांची टाकली जातात. मग मधल्याखाली दाब चौरस फुटाला दीड टनाच्या जवळ जातो आणि मधला कॉलम जास्त खचतो.

घर सगळीकडून सारखे इंचभर बसले तर फारसे बिघडत नाही. एक कॉलम बसला आणि शेजारचा बसला नाही, तर भिंत फाटते. आरसीसी घराच्या सुट्या फुटिंगसाठी आयएस १९०४ या मानकाने दोन कॉलममधल्या अंतराच्या ०.००१५ पट एवढाच फरक मान्य केला आहे. दहा फुटांवर हा फरक साडेचार मिलिमीटर, पेन्सिलच्या जाडीपेक्षाही कमी.

खचण्याची खूण पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात दिसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते, दरवाजा चौकटीला घासू लागतो. भेग वर रुंद आणि खाली बारीक असेल तर बहुधा घराचे टोक बसत आहे. खाली रुंद असेल तर मधला भाग बसत आहे. भेगेवर प्लास्टरची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी पुन्हा तडकली तर खचणे चालू आहे, तेव्हा आधी कारण शोधा, मग भेग बुजवा.

राफ्ट सगळ्या दुखण्यांवर औषध नाही

अर्धे घर मुरुमावर आणि अर्धे भरावावर असेल तर राफ्टही मध्ये तडकू शकतो. तिथे सगळा पाया मुरुमावर न्यावा किंवा घराची जागा सरकवावी. ट्रॅक्टरने टाकलेल्या लाल मातीच्या भरावावर तर कोणताच पाया टेकवू नये.

दुसरे असे की दोन फुटांची पट्टी तिच्याखालच्या साधारण चार फूट मातीला दाबते, पण वीस फूट रुंद राफ्टचा दाब तीस-चाळीस फूट खोल पोहोचतो. काळू, शाई, भातसा यांच्या काठी किंवा बुजवलेल्या ओढ्यावर गाळ खोलवर असेल, तर अंगठ्याची परीक्षा पुरत नाही. बोअर मारून मातीचा अहवाल घ्यावा लागतो.

काँक्रीट टाकायच्या दिवशी

खड्ड्यात पाणी साचले असेल तर उपसून वरचा दोन-तीन इंच चिखल खरवडून काढा. तळ पक्का दिसला की त्याच दिवशी पीसीसी टाका, कारण रात्रभर उघडा ठेवला की तो पुन्हा मऊ होतो. सळई मातीला टेकू देऊ नका, खाली दोन इंचांचे कव्हर ब्लॉक ठेवा. सुटी फुटिंग घेतली तर कॉलम प्लिंथ बीमने दोन्ही दिशांना बांधा. १९८३ साली भातसा धरणाजवळ खर्डी भागात भूकंपाचे धक्के बसले होते. अशा वेळी सुटे कॉलम वेगवेगळे हलू नयेत, हे काम प्लिंथ बीम करतो.

पाच खड्ड्यांच्या मजुरीला फार तर एक-दोन दिवस जातात. प्रत्येक खड्ड्यात मुरूम किती फुटांवर लागला, पाणी किती फुटांवर आहे आणि अंगठा किती उमटला, हे कागदावर लिहा. पुढे मजला चढवायचा असेल तर तेही आत्ताच सांगा. तो कागद घेऊन इंजिनिअरकडे गेलात, तर तो तुमच्या जमिनीचा पाया काढून देईल. नुसते माप सांगितलेत, तर अंदाजाचा पाया मिळेल.