शिक्का कोणाकडे?

गेल्या वर्षी आत्याच्या भिशीचा चार महिन्यांचा हिशेब माझ्यामुळे उडाला. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, पण नेमकं काय झालं ते मी कुणालाच धड सांगितलं नव्हतं. काका (बँकेतून निवृत्त) अजून विचारतात, म्हणून आज सविस्तर लिहितो.

भिशीचं अ‍ॅप मी आणि भाचा मिळून लिहितो. आधी मी ते माझ्याच लॅपटॉपवर बांधून घरच्यांना लिंक पाठवायचो. मग हौसेने गिटहबवर व्यवस्था लावली, की आमच्यापैकी कुणीही बदल कमिट केला की तिथलं भाड्याचं यंत्र अ‍ॅप बांधणार, चाचण्या घेणार, त्यावर सही करणार आणि लिंक तयार ठेवणार. पहिली लिंक गेली आणि आत्याचा फोन आला, "अरे, हे इन्स्टॉल होत नाही म्हणतंय." मी (मूर्खासारखा) म्हणालो, जुनं काढून टाक आणि नवीन घाल. तिने काढलं. नोंदी फोनमध्येच होत्या, आणि पैशांचा मामला म्हणून बॅकअप मीच बंद ठेवला होता. संपलं.

चूक कुठे होती ते कळायला जरा मागे जावं लागेल.

कार्यक्रम रोज बांधून बघायची पद्धत जुनी आहे. मायक्रोसॉफ्टमध्ये 1990 च्या दशकात रोजचा बिल्ड हा शिरस्ताच होता. त्याच दशकाच्या उत्तरार्धात क्रायस्लरच्या पगारपत्रकाच्या प्रकल्पातून केंट बेक यांची एक्स्ट्रीम प्रोग्रामिंगची पद्धत आकाराला आली. त्यात जोडणीसाठी एक वेगळा संगणक ठेवायचा. ज्या जोडीचं काम झालं तिने तिथे जाऊन बसायचं, आपला बदल चढवायचा, सगळ्या चाचण्या पास होईपर्यंत उठायचं नाही, आणि मग खुर्ची पुढच्या जोडीला द्यायची. म्हणजे सुरुवातीला यात आपोआप असं काही नव्हतं, माणसंच रांगेने बसत होती. 2000 साली मार्टिन फाउलर आणि मॅथ्यू फोमेल यांनी यावर लेख लिहिला. पुढच्याच वर्षी थॉटवर्क्समधून क्रूझकंट्रोल बाहेर आलं आणि खुर्चीवरचा माणूस उठला. सन कंपनीत असताना कोहसुके कावागुची यांनी हडसन लिहिलं, ते 2005 मध्ये लोकांसमोर आलं. ओरॅकलशी नावावरून वाद झाला आणि 2011 पासून बरेचजण त्याला जेन्किन्स म्हणू लागले.

या सगळ्या गोष्टीत सही कुठेच नाही, हे लक्षात घ्या. त्या यंत्राकडे चोरण्यासारखं तुलनेने कमी होतं. सही फारतर प्रकाशनाच्या दिवशी, कुणातरी जबाबदार माणसाच्या टेबलावर व्हायची.

2008 मध्ये अँड्रॉइड आलं आणि गणित बदललं. तिथे सही नसलेलं अ‍ॅप फोन घेतच नाही. गंमत म्हणजे ही सही कुणा सरकारी अधिकाऱ्याने प्रमाणित केलेली लागत नाही. आपली किल्ली आपणच घरी बनवायची. फोन एवढंच पाहतो, की नव्या आवृत्तीवरची सही जुन्या आवृत्तीवरच्या सहीशी जुळते का? जुळली तर वरून बसवतो, नाही तर नकार. म्हणून किल्ली जन्मभर सांभाळावी लागते. गूगलच्या दुकानाची अटच होती, की प्रमाणपत्राची मुदत 22 ऑक्टोबर 2033 च्या पुढची हवी. किल्ली हरवली तर अ‍ॅप सुधारायचा मार्ग बंद आणि ग्राहकाला "काढून पुन्हा घाला" सांगायची वेळ. 2017 मध्ये गूगलने यावर तोड काढली. खरी किल्ली त्यांच्याकडे, आणि आपल्याकडे फक्त अ‍ॅप वर चढवण्यापुरती दुसरी किल्ली, जी हरवली तर बदलून मिळते. आमचं अ‍ॅप दुकानात नाही, त्यामुळे आम्हाला ती सोय नाही.

आता आत्याकडे परत. आपण किल्ली दिली नाही तर चाचणीच्या बांधणीसाठी अँड्रॉइडची साधनं स्वतःच एक तात्पुरती किल्ली बनवतात, `~/.android/debug.keystore` या फाइलमध्ये. माझ्या लॅपटॉपवर ती एकदाच बनली होती, म्हणून वर्षभर सगळं जुळत गेलं. भाड्याचं यंत्र मात्र दर वेळी कोरं मिळतं. म्हणजे दर कमिटला नवी किल्ली, नवी सही! बांधणी हिरवी, चाचण्या हिरव्या आणि फोनचा नकार. केबलने बसवून पाहिलं तेव्हा खरं नाव दिसलं: `INSTALL_FAILED_UPDATE_INCOMPATIBLE`. ते आधी पाहिलं असतं तर...

असो. उपाय उघड होता, एकच कायमची किल्ली त्या यंत्राला द्यायची. आणि इथेच काकांचा प्रश्न आला, "म्हणजे तिजोरीची चावी तू शिपायाच्या हातात देणार?"

प्रश्न रास्त आहे. सप्टेंबर 2021 मध्ये ट्रॅव्हिस सीआय या सेवेतल्या दोषामुळे सुमारे आठवडाभर असं झालं, की कुणीही परक्या माणसाने खुल्या प्रकल्पाची नक्कल करून बदल सुचवला, तर त्याच्या बांधणीला मूळ प्रकल्पाची गुपितं दिसू शकत होती. जानेवारी 2023 मध्ये सर्कलसीआयने सगळ्याच ग्राहकांना आपापली गुपितं बदलायला सांगितलं, कारण त्यांच्या एका इंजिनिअरच्या लॅपटॉपमध्ये शिरलेल्या मालवेअरने त्याचं चालू लॉगिन चोरलं होतं. आणि दुसऱ्याकडे बोट कशाला? बांधणी चालू असताना आपण घेतलेल्या दहा ठिकाणच्या लायब्रऱ्या आणि प्लगइन तिथे चालत असतात. किल्ली त्याच खोलीत असेल तर त्यातलं कुणीही ती वाचू शकतं.

म्हणून मी दोन खोल्या केल्या. पहिलीत चाचण्या होतात आणि बिनसहीचं अ‍ॅप तयार होतं, तिथे एकही गुपित नाही. ते अ‍ॅप दुसऱ्या, वेगळ्या कोऱ्या यंत्रावर जातं. तिथे किल्ली आहे, पण आमचा कोड किंवा कुणाची लायब्ररी चालत नाही, चालतात फक्त या ओळी:

```
zipalign -p 4 app-release-unsigned.apk aligned.apk
apksigner sign --ks "$RUNNER_TEMP/bhishi.jks" \
  --ks-pass env:KS_PASS --out bhishi.apk aligned.apk
apksigner verify --print-certs bhishi.apk
```

पहिल्या दोन ओळींचा क्रम उलटा करू नका. जुन्या `jarsigner` च्या काळात आधी सही आणि मग `zipalign` असा क्रम होता. 2016 च्या अँड्रॉइड 7 पासून जी नवी सही आली ती आतल्या एकेका फाइलची नसून अख्ख्या एपीकेची आहे, त्यामुळे नंतर काहीही हलवलं की ती मोडते. तिसरी ओळ प्रमाणपत्राचा SHA-256 ठसा छापते. तो मी लिहून ठेवलेल्या ठशाशी जुळला नाही तर बांधणी लाल. ही तपासणी आधी असती तर आत्याचा हिशेब वाचला असता.

काकांनी बँकेतली पद्धतही सुचवली होती, स्ट्राँगरूमला दोन अधिकाऱ्यांच्या दोन चाव्या. गिटहबवर तसं करता येतं, दुसऱ्या माणसाने मंजुरी दिल्याशिवाय सहीची खोली उघडत नाही. दर कमिटला ते लावून पाहिलं. दोन आठवड्यांत भाचा न बघताच मंजुरीचं बटण दाबू लागला! आता रोजच्या कमिटवर एक वेगळी पण कायमची रोजची किल्ली वापरतो, मंजुरीशिवाय. ते अ‍ॅप वेगळ्या नावाने फक्त आमच्या दोघांच्या फोनवर बसतं. घरच्यांना जाणाऱ्या आवृत्तीची किल्ली निराळी, आणि तिला भाच्याची मंजुरी लागते. महिन्यातून एकदाच विचारणा येते म्हणून तो वाचतो तरी.

खऱ्या किल्लीची एक प्रत पेनड्राइव्हवर काकांच्या लॉकरमध्ये आहे, पासवर्ड माझ्याकडे. आत्याने चार महिन्यांच्या नोंदी भिशीच्या बायकांना फोन करकरून पुन्हा भरल्या. शिवाय आता ती कागदाची वहीही ठेवते, आणि मी त्यावर काही बोलत नाही.