रंगाचा रकाना आणि वंशाचा रकाना

शंभर वर्षांपूर्वीचा इंग्रजी अमलातला पासपोर्ट पाहायला मिळाला, तर त्यातले वर्णनाचे पान अवश्य वाचावे. उंची, कपाळ, डोळे, नाक, तोंड, हनुवटी, केसांचा रंग, कांती, चेहरा, विशेष खुणा, असे एकाखाली एक रकाने असत आणि कारकून त्यांत एकेक शब्द भरी. नाक 'सरळ', चेहरा 'लांबट', कांती 'गव्हाळ'. लग्नासाठी छापल्या जाणाऱ्या टिपणाशी या पानाचे बरेच साम्य आहे.

जगातल्या अनेक देशांच्या कागदपत्रांतून कांतीचा हा रकाना गेला. त्याच शतकात आणखी एक रकाना गेला, वंशाचा. दोन्हींचा संबंध कातडीच्या रंगाशी असल्याने ते एकाच कारणाने गेले असावेत, असे आपल्याला सहज वाटते. वस्तुस्थिती वेगळी आहे. कांतीचा रकाना माणूस ओळखण्यासाठी होता आणि त्या कामाला तो पुरा पडला नाही. वंशाचा रकाना माणसांची वाटणी करण्यासाठी होता आणि ते काम त्याने फार चोख केले. एक निकामी म्हणून गेला, दुसरा घातक म्हणून.

आधी कांतीची गोष्ट पाहू. 'मध्यम बांधा, गव्हाळ वर्ण' हे वर्णन एका गावात हजार माणसांना लागू पडते. शिवाय एका कारकुनाला जो गोरा, तो दुसऱ्याला सावळा. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा याचा धोका उघड झाला. कार्ल लोडी हा जर्मन हेर 1914 साली 'चार्ल्स इंग्लिस' या नावाने ब्रिटनमध्ये वावरत होता. त्याच्याकडचा पासपोर्ट खराच होता, फक्त तो दुसऱ्या एका अमेरिकन माणसाचा होता. त्यावर छायाचित्र नव्हते आणि वर्णन कोणालाही बसेल असे होते. लोडी पकडला गेला आणि नोव्हेंबर 1914 मध्ये लंडनच्या टॉवरमध्ये त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याच वर्षाअखेर अमेरिकेने पासपोर्टवर छायाचित्र सक्तीचे केले. ब्रिटननेही 1915 च्या पासपोर्टवर छायाचित्र आणले, पण वर्णनाचे रकाने तसेच ठेवले.

एकदा फोटो आल्यावर कपाळ-नाक-कांतीचे वर्णन करण्यात अर्थ उरला नाही. 1920 साली राष्ट्रसंघाच्या पुढाकाराने पॅरिसला पासपोर्टांविषयी परिषद भरली आणि सर्व देशांसाठी एक नमुना सुचवण्यात आला. तेव्हापासून वर्णनाचे पान आकसत गेले. 1980 साली आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने यंत्राने वाचता येणाऱ्या पासपोर्टचे नियम छापले. आपल्या पासपोर्टच्या तळाशी बाणांसारख्या चिन्हांनी भरलेल्या ज्या दोन ओळी दिसतात, त्या याच नियमांतल्या. त्यांत नाव, पासपोर्ट क्रमांक, राष्ट्रीयत्व, जन्मतारीख, लिंग आणि मुदत एवढेच असते. कांतीला तिथे जागाच नाही. तिच्या विरोधात कोणी चळवळ केली नव्हती. तिचा उपयोग संपला होता.

वंशाच्या रकान्याची गोष्ट मात्र अशी सोपी नाही. ती समजून घ्यायला दक्षिण आफ्रिकेकडे जावे लागते. तिथे 1950 साली लोकसंख्या नोंदणी कायदा झाला आणि प्रत्येक रहिवाशावर गोरा, मिश्रवंशीय किंवा 'नेटिव्ह' असा शिक्का बसला. पुढे मिश्रवंशीयांचे पोटभाग पाडले गेले, त्यांत भारतीयही आले. माणसाने कुठे राहायचे, कोणत्या शाळेत जायचे, कोणाशी लग्न करायचे, हे सारे या शिक्क्यावर ठरे. कृष्णवर्णीयांना सोळा वर्षांनंतर एक वेगळे पासबुक कायम जवळ बाळगावे लागे. ते नसेल तर अटक होई. ज्या कायद्याने हे पासबुक 1952 साली लादले, त्याच्या नावात 'पास रद्द करणे' हे शब्द होते!

पण शिक्का मारायचा कशावरून? कायद्याने गोऱ्या माणसाची व्याख्या केली ती अशी: जो दिसायला उघडच गोरा आहे किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानले जाते तो, पण दिसायला गोरा असूनही ज्याला लोक मिश्रवंशीय मानतात, तो गोरा नव्हे. म्हणजे शेवटी शेजारपाजारच्यांचे मत हाच पुरावा. संशय आला की अधिकारी नखे पाहत, केसांत पेन्सिल खुपसून ती खाली पडते का ते पाहत. पेन्सिल अडकली, तर माणूस गोरा नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांना वेगवेगळे शिक्के मिळाल्याची उदाहरणे घडली.

सँड्रा लेंग हिची हकीकत तर प्रसिद्धच आहे. तिच्यावर पुस्तक आणि चित्रपटही निघाला. तिचे आईवडील कागदोपत्री आणि समाजातही गोरे होते. मुलीची कांती सावळी, केस कुरळे. गोऱ्यांच्या वसतिगृहाच्या शाळेतून 1966 साली, वयाच्या दहाव्या वर्षी, पोलिसांनी तिला घरी आणून सोडले आणि सरकारदरबारी ती मिश्रवंशीय ठरली. वडिलांनी दाद मागितली. पुढच्याच वर्षी कायदा बदलला, आईवडिलांचा वंश हाच निकष झाला आणि सँड्रा पुन्हा गोरी झाली. पुढे तिने एका कृष्णवर्णीय पुरुषाशी संसार केला. आता मुलांजवळ राहायचे तर आईचा आणि मुलांचा शिक्का जुळायला हवा, म्हणून तिलाच आपल्याला मिश्रवंशीय करा असा अर्ज करावा लागला. या सर्व वर्षांत तिची कातडी होती तशीच होती. बदलत होता तो रकाना.

हा रकाना ओळखपत्राच्या क्रमांकातही शिरला होता. दक्षिण आफ्रिकेचा ओळख क्रमांक तेरा आकडी. पहिले सहा आकडे जन्मतारखेचे, म्हणजे 800101 असेल तर 1 जानेवारी 1980. पुढचे चार अनुक्रमाचे. ते 5000 किंवा त्याहून मोठे असतील तर पुरुष, कमी असतील तर स्त्री. अकरावा आकडा नागरिकत्वाचा. बाराव्या जागी पूर्वी वंश असे: 0 म्हणजे गोरा, 4 म्हणजे चिनी, 5 म्हणजे भारतीय. तेरावा आकडा आधीच्या बारा आकड्यांवरून गणिताने काढलेला, म्हणजे क्रमांक उतरवताना चूक झाली तर लगेच कळावी. बँकेत, दुकानात, कचेरीत नुसता क्रमांक सांगितला तरी समोरच्याला वंश कळत असे.

शहरांना मजूर हवे होते, पासबुकांविरुद्धचा असंतोष आवरत नव्हता आणि बाहेरच्या जगाचा दबाव वाढत होता. अखेर 1986 साली पासचे कायदे रद्द झाले आणि सर्वांसाठी एकाच हिरव्या ओळखपुस्तिकेचा कायदा झाला. बाराव्या जागचा वंश गेला. तिथे 8 किंवा 9 हा अर्थ नसलेला आकडा आला. बारावा बदलला की तेरावाही बदलतो, म्हणून जुन्या लोकांना नवे क्रमांक द्यावे लागले.

इथे एक बारकावा लक्षात ठेवण्याजोगा आहे. वंश ओळखपत्रावरून गेला तरी सरकारी नोंदवहीत तो राहिलाच. 1950 चा कायदा आणखी पाच वर्षे चालू होता आणि नवजात बाळांनाही वंश लावला जात होता. तो 1991 साली रद्द झाला. कार्डावरचा रकाना आणि त्यामागच्या वहीतला रकाना या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिला गेला म्हणून दुसरा गेला असे समजू नये.

उशीर झाला तर काय होते, याचे भीषण उत्तर रवांडात मिळाले. बेल्जियन अमलात 1930 च्या दशकात तिथल्या ओळखपत्रांवर हुतू, तुत्सी किंवा त्वा अशी नोंद सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही ती चालू राहिली. ऑगस्ट 1993 च्या अरुशा करारात ही नोंद काढून टाकण्याचे मान्य झाले होते, पण अंमलबजावणी झाली नाही. एप्रिल 1994 मध्ये नरसंहार सुरू झाला. रस्त्यारस्त्यावर अडथळे उभारून ओळखपत्रे मागितली जात आणि त्यावर 'तुत्सी' हा शब्द असणे म्हणजे मरण. त्या सुमारे शंभर दिवसांत लाखो माणसे मारली गेली. त्यानंतरच्या ओळखपत्रांवर ती नोंद नाही.

मग या रकान्यांच्या जागी आले काय? छायाचित्र, क्रमांक आणि बोटांचे ठसे. यांतल्या ठशांचा इतिहास आपल्या देशातला आहे. ठशांची वर्गवारी कोलकात्यात एडवर्ड हेन्रीच्या हाताखाली अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी उभी केली आणि 1897 साली तिथे ठशांची कचेरी सुरू झाली. हेन्री पुढे 1900 साली पोलीस खात्याची घडी बसवायला दक्षिण आफ्रिकेत गेला. 1906 साली ट्रान्सवाल सरकारने तिथल्या भारतीयांकडून बोटांच्या ठशांसह नोंदणीची सक्ती करायचे ठरवले, तेव्हा गांधीजींनी जो लढा उभारला त्यातून सत्याग्रह जन्मला. ठसा माणसाचा वंश सांगत नाही हे खरे, पण तो कोणाकडून मागितला जातो यावरून वाटणी होऊ शकते.

नव्या साधनांच्याही मर्यादा आहेत. शेतात किंवा बांधकामावर राबणाऱ्यांच्या बोटांवरच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्यांना नाकारते. चेहरा जुळवणाऱ्या यंत्रांची अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने चाचणी घेतली. 2019 च्या तिच्या अहवालात असे दिसले, की आफ्रिकी आणि आशियाई चेहऱ्यांच्या बाबतीत बऱ्याच प्रणाली एका माणसाला दुसरा समजण्याची चूक जास्त करतात. कागदावरून गेलेली कांती अशी कॅमेऱ्यातून परत येऊ शकते.

आपल्याकडचे चित्रही पाहण्यासारखे आहे. 2016 च्या आधार कायद्यात कोणती माहिती घ्यायची नाही, हे नावे घेऊन लिहिले आहे: वंश, धर्म, जात, जमात, भाषा, उत्पन्न, आरोग्याचा इतिहास. दुसरीकडे शाळा सोडल्याच्या दाखल्यात जात लागते, कारण शतकांच्या अन्यायाची भरपाई करणाऱ्या सवलती तिच्यावाचून देता येत नाहीत. दक्षिण आफ्रिकेतही 1998 च्या नोकरीतील समानतेच्या कायद्यासाठी जुने गट वापरावे लागतात, पण ते माणूस स्वतः सांगतो, पेन्सिल ठरवत नाही.

म्हणून प्रश्न केवळ रकाना असावा की नसावा एवढाच नाही. तो कोण भरतो, रस्त्यावर अडवणाऱ्याला तो दिसतो का, आणि चुकीचा भरला गेला तर दाद कुठे मागायची, हे पाहावे लागते. गेल्या शंभर वर्षांत ज्या देशांनी हे वेळेवर पाहिले नाही, तिथली किंमत सामान्य माणसांनी मोजली.