परिशिष्टांना क्रमांक कसे द्यावेत?

अहवालातील छायाचित्रे, नोंदवहीतील उतारे आणि पावत्या शेवटी परिशिष्टांत जोडतात. त्यांचे क्रमांक मजकुरातील पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने द्यावेत, कागद हाती आल्याच्या क्रमाने नव्हे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस व विहिरींची पाणीपातळी मोजून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात. अशा ताळेबंदाच्या अहवालात परिशिष्ट अ छायाचित्रांचे, ब नोंदींचे आणि क पावत्यांचे ठेवता येते. मजकुरात ‘सोबतचा फोटो पाहा’ असे न लिहिता ‘परिशिष्ट अ-२’ असे लिहावे आणि तोच क्रमांक छायाचित्रावर तारीख व ठिकाणासह टाकावा. नोंदवहीचा पान क्रमांक आणि पावतीचा मूळ क्रमांक मात्र बदलू नये. तो परिशिष्ट क्रमांकाखाली वेगळा नोंदवावा.

गडबड होते ती मध्येच नवे छायाचित्र घातल्यावर. ते अ-२ झाले की जुने अ-२ हे अ-३ होते, पण मजकुरातला उल्लेख तसाच राहतो. मसुदा चालू असेपर्यंत असे सर्व उल्लेख बदलावेत. अहवाल सादर झाल्यावर नव्या कागदाला त्या गटातला पुढचा क्रमांक द्यावा.

शेवटची तपासणी दोन्ही बाजूंनी करावी: प्रत्येक उल्लेखाचा कागद सापडला पाहिजे आणि प्रत्येक कागदाचा उल्लेख.