‘हा हा’ : हुंदका की हसू?

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहून तापीपलीकडच्या जैनाबादच्या माणसाला हाक मारायची, तर ‘अरे रामा’ एवढ्याने भागत नाही. शेवटचा स्वर ताणावा लागतो. मराठी माणूस ताणतो, हिंदी बोलणारा ताणतो, उर्दूवालाही ताणतो. प्रश्न येतो तो हा ताण कागदावर उतरवताना.

तो पाणिनीलाही पडला होता. ऱ्हस्व स्वराला एक मात्रा, दीर्घाला दोन, आणि तीन मात्रांच्या स्वराला त्याने नाव दिले प्लुत. मापासाठी ‘उ’ हा स्वर घेतला. कोंबड्याच्या आरवण्यात तो चढत्या लांबीने ऐकू येतो म्हणून, असे परंपरेने शिकवणारे सांगतात. दुरून हाक मारताना वाक्याचा शेवटचा स्वर प्लुत करावा, असे सूत्रच आहे. लिहिताना पुढे तीनचा आकडा घालत : देवदत्त३. ‘ओ३म्’मधला तीन तोच. ऋग्वेदाच्या नासदीय सूक्तात शंका घेणाऱ्या प्रश्नातही हा आकडा आढळतो, म्हणजे लांबवलेला स्वर केवळ हाकेसाठी नव्हता, मनाच्या दोलायमान अवस्थेसाठीही होता.

पुढे आकडा मागे पडला आणि त्याची जागा अवग्रहाने घेतली. गंमत अशी की संस्कृतात ऽ हे चिन्ह ‘अ’ गळाल्याची खूण आहे. गळालेल्या अक्षराची खूण मराठी-हिंदी लेखनात लांबलेल्या अक्षराची खूण झाली : ‘अहोऽऽ’, ‘सुनोऽऽ’. संगीताच्या पुस्तकांतही ती दिसते. पं. भातखंडे (१८६०-१९३६) यांच्या स्वरलिपीत गीताचे अक्षर लांबवायचे असले की त्याच्यापुढे ऽ लिहितात. त्यांचे ग्रंथ मराठीतून हिंदीत गेले, त्यांच्याबरोबर हे चिन्हही उत्तरेच्या विद्यार्थ्यांच्या वहीत पोहोचले.

आता हसण्याकडे वळू. भरताने नाट्यशास्त्रात स्मितापासून अतिहसितापर्यंत हास्याचे सहा प्रकार मांडले. त्यांत दात किती दिसावेत, डोळे कसे व्हावेत, हे आहे. हास्याचा ध्वनी लिहावा कसा, हे मात्र नाही. उलट आपल्याकडे ‘हा’ हा मुळात शोकाचा उद्गार. म्हणून ‘हाहाकार’ रडण्याचा. हिंदीत ‘हा हा खाना’ म्हणजे गयावया करणे. तिकडे इंग्लंडात इ. स. १०००च्या सुमारास एल्फ्रिक नावाच्या ख्रिस्ती साधूने लॅटिनचे व्याकरण लिहिले आणि त्यात नोंदवले, की ‘हाहा’ आणि ‘हेहे’ हे लॅटिनमध्येही हसणेच आणि इंग्रजीतही हसणेच. एका भाषेतले लिहिलेले हसू दुसरीत भाषांतराशिवाय चालते, याची इतकी जुनी साक्ष मला दुसरी ठाऊक नाही.

आता मोबाइलवर ‘हाहाहा’ लिहिणारा कोणी हुंदका देत नाही. पण रोमन लिपीत आमच्या दुभाषी घरांत गोंधळ होतो. समजा, मराठी सासूने सुनेच्या हिंदीभाषक माहेरी जेवणाचे आमंत्रण स्वीकारले आणि `ho ho` असे लिहिले. तिचे ‘हो, हो’. त्यांना वाटते, बाई हसल्या. ओळखायची एक खूण आहे. होकार बहुधा दोनदाच येतो आणि पुढे काही मजकूर असतो. हसू तीन-चार वेळा सलग येते आणि पुष्कळदा तेवढेच असते. अर्थात ही खूण नेहमीच साथ देईल असे नाही. स्पेनमधला माणूस `jaja` लिहून हसतो, आपण मात्र ‘जा, जा’ वाचून रागावू! थायी लोक तर 555 लिहितात, कारण त्यांच्या भाषेत पाचाचा उच्चार ‘हा’. आपल्याकडे तीनाने स्वर ताणला, त्यांनी पाचाने हसू लिहिले.

ताणलेल्या अक्षरांचा हिशेबही वेगळा. इंग्रजीतले `so` ताणून `soo` केले तरी कळते. रोमन मराठीत `aa` ही ताण नसून साधा ‘आ’ आहे, म्हणून `haan` म्हणजे नुसता होकार; लांबवण्याची सुरुवात `haaan`पासून, तिसऱ्या अक्षरापासून. पाणिनीच्या तीन मात्रा अशा मागच्या दाराने परत आल्या. पण पोरे `okkkk`ही लिहितात. ‘क’ हा स्पर्श, तो तोंडाने ताणता येतच नाही. ताण फक्त डोळ्यांना दिसतो.

देवनागरीत हे असे चालत नाही. ‘नाही’च्या वेलांटीवर पुन्हा वेलांटी टंकली, की पडद्यावर बहुधा ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ उमटते, कारण मात्रेला टेकायला व्यंजन लागते. मग उपाय दोन : पूर्ण स्वर लिहून ‘नाहीईईई’ करायचे, नाहीतर ‘नाहीऽऽऽ’. पहिल्यात स्वर कोणता ते दिसते, दुसऱ्यात शब्दाचे मूळ रूप शाबूत राहते. मी दुसरे पसंत करतो. आमच्या वर्गातली मुले पहिलेच लिहितात, मराठीची असोत की हिंदीची.